साहेबांची वेळ मागताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाची भेट कशी मागावी, असा आजचा विषय मला देण्यात आला आहे. भेटीत काय बोलावं, यावर भरपूर लिहिलं गेलेलं आहे. पण भेट मिळण्याआधी जे पत्र किंवा ई-मेल पाठवायचा असतो, त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. मी मुंबईतल्या एका कंपनीच्या मुख्य कार्यालयात एकतीस वर्षं सेक्रेटरी होते. त्यातली शेवटची बारा वर्षं खरेदी विभागाच्या उपाध्यक्षांकडे. त्यामुळे अशी पत्रं लिहिण्यापेक्षा वाचण्याचाच अनुभव माझ्या गाठीशी जास्त आहे, आणि बोलणार आहे तेही टेबलाच्या या बाजूनेच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तुम्ही पत्र साहेबांच्या नावाने लिहिता, पण ते पहिल्यांदा वाचतो त्यांचा पीए किंवा सेक्रेटरी. आमच्याकडे रोज सकाळी सव्वानऊला साहेब आले की चहा येईपर्यंतची सात-आठ मिनिटं माझी असत. तेवढ्यात दिवसभराच्या मीटिंगा, सह्यांचे कागद आणि भेटीच्या विनंत्या, सगळं उरकायचं. एका विनंतीच्या वाट्याला अर्धं मिनिट आलं तरी खूप. त्या अर्ध्या मिनिटात मी साहेबांना तीन वाक्यं सांगणार. कोण, कशासाठी आणि किती वेळ. ऐकून साहेब म्हणणार, ‘द्या’, किंवा ‘नको’, किंवा ‘अमक्याकडे पाठवा’. म्हणजे तुमच्या दोन पानी पत्राचा निकाल माझ्या तीन वाक्यांवर लागतो. ती वाक्यं मला तुमच्या पत्रात तयार मिळाली, तर मी ती तशीच सांगते. मिळाली नाहीत तर मला अंदाज करावा लागतो, आणि अंदाजाने कुठलीही सेक्रेटरी साहेबांचा वेळ देत नाही.

हे नीट समजावं म्हणून एक प्रत्यक्षातलं उदाहरण सांगते. गोष्ट २०१८ सालची आहे. भोसरीचे एक लघुउद्योजक आमच्या चाकणच्या कारखान्याला पत्र्याचे ब्रॅकेट पुरवत असत. महिन्याला दहा हजार नग. त्यांच्याकडे प्रेस होता, तो दोन पाळ्यांत चालवून एवढाच माल निघत होता. कारखान्याच्या खरेदी व्यवस्थापकांनी त्यांना सांगितलं, ‘मार्चपासून आम्हाला अठरा हजार लागतील, तयारीला लागा.’ तयारी म्हणजे अडीचशे टनांचा नवा प्रेस. त्यासाठी बँकेने कर्ज मंजूर केलं होतं, पण मंजुरीपत्राची मुदत होती ३१ ऑक्टोबरपर्यंत, आणि बँकेला कंपनीकडून लेखी हवं होतं की पुढचे चोवीस महिने एवढा माल उचलू. उद्योगात याला ‘लेटर ऑफ इंटेंट’ म्हणतात. कारखान्याच्या व्यवस्थापकांना बारा महिन्यांपर्यंतच लिहून देण्याचा अधिकार होता. त्यापुढचं आमच्या साहेबांच्या हातात. प्रेस बनवणारा ऑर्डरनंतर चार महिने घेणार होता. ऑक्टोबर हुकला की मार्चही हुकला, असा हिशोब.

आता या गृहस्थांचं पहिलं पत्र कसं होतं ते ऐका. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरला, ते आलं. सुरुवातीला कंपनीशी चौदा वर्षांच्या संबंधांचा उल्लेख, मग गुणवत्तेसाठी मिळालेल्या प्रशस्तिपत्राचा. शेवटी म्हटलं होतं, ‘काही महत्त्वाच्या विषयांवर चर्चा करण्यासाठी आपली सदिच्छा भेट घेऊ इच्छितो. आपल्या सोयीनुसार कधीही वेळ द्यावा. पाच मिनिटं पुरेत.’

पत्र नम्र होतं, व्याकरणशुद्ध होतं आणि माझ्या दृष्टीने निरुपयोगी होतं. प्रेस नाही, बँक नाही, ३१ ऑक्टोबर नाही. ‘महत्त्वाच्या विषयांवर चर्चा’ हे शब्द मी आठवड्यातून दहा पत्रांत वाचत होते. त्यातली निम्मी दिवाळीची भेटवस्तू द्यायला येणारी मंडळी आणि उरलेल्यांतली बरीचशी दर वाढवून मागणारी. साहेबांना मी सांगणार काय? ‘भोसरीचे सप्लायर आहेत, भेटायचं म्हणतात.’ यावर उत्तर ठरलेलं, ‘चाकणला भेटायला सांगा.’

खरं तर मी असं पत्र बाजूला ठेवून मोकळी झाले असते. पण हे गृहस्थ कधी वर येणारे नव्हते, म्हणून मी त्यांना फोन केला. काम काय आहे ते पाच मिनिटांत त्यांनी मला अगदी स्वच्छ सांगितलं. मी म्हटलं, ‘हेच लिहून का नाही पाठवलंत?’ तर म्हणाले, ‘मॅडम, एवढ्या मोठ्या माणसाला पत्रातच काम सांगणं बरं दिसत नाही. समोर बसल्यावर बोलू म्हटलं.’

ही आपल्याकडची अडचण फार खोलवरची आहे. घरीही पाहुणा आला की आधी पाणी, चहा, ख्यालीखुशाली, आणि निघताना उंबऱ्यावर उभं राहून कामाचं बोलणं. कार्यालयात मात्र काम आधी न सांगणं हा आदर ठरत नाही, कारण समोरच्याला तयारी करायला वेळच राहत नाही. साहेबांना भेटीतच पहिल्यांदा कळलं की चोवीस महिन्यांची हमी हवी आहे, तर ते एकच म्हणू शकतात, ‘बघतो.’ मग नियोजन विभागाला विचारायचं, वित्त विभागाला विचारायचं, आणि दुसरी भेट. तोवर ऑक्टोबर संपलेला.

दुसरं पत्र १ ऑक्टोबरला ई-मेलने आलं. मूळ इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते. विषयाच्या ओळीतच लिहिलं होतं, ‘ब्रॅकेट पुरवठा: २४ महिन्यांचं लेटर ऑफ इंटेंट, २० मिनिटांच्या भेटीची विनंती, ९ ते १२ ऑक्टोबर’. आणि खाली मजकूर असा:

‘महोदय, चाकण कारखान्याला मी दरमहा १०,००० ब्रॅकेट पुरवतो. मार्चपासून १८,००० नगांची मागणी आहे. त्यासाठी नवा प्रेस घ्यावा लागेल. कर्ज मंजूर आहे, मात्र बँकेला २४ महिन्यांचं लेटर ऑफ इंटेंट हवं आहे आणि मंजुरीची मुदत ३१ ऑक्टोबरला संपते. १२ महिन्यांपुढचं पत्र आपल्याच अधिकारात असल्याने आपल्याला विनंती करत आहे. कारखान्याच्या खरेदी व्यवस्थापकांना याची कल्पना दिली असून या ई-मेलची प्रत त्यांना पाठवली आहे.

असं पत्र देता येईल का, आणि देता आल्यास किती मुदतीचं व किती नगांचं, हे आपल्याकडून ठरवून घेण्यासाठी मला २० मिनिटं हवी आहेत. पुढीलपैकी कोणतीही वेळ मला चालेल: मंगळवार ९ ऑक्टोबर, सकाळी ११.३०, गुरुवार ११ ऑक्टोबर, दुपारी ३, शुक्रवार १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५. मुंबईत, किंवा आपण त्या दिवशी चाकणला असल्यास तिथे. या तिन्ही वेळा मी शुक्रवार ५ ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवत आहे. यांपैकी एकही सोयीची नसेल, तर आपल्या कार्यालयाने सुचवलेल्या वेळी येईन. एका पानाचा तक्ता आणि बँकेचं पत्र सोबत जोडलं आहे.’

बस, एवढंच. यात विशेष असं काही दिसत नाही, पण माझ्या डायरीच्या दृष्टीने यातली जवळजवळ प्रत्येक ओळ काम करणारी आहे. थोडं थांबून बघू या.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे ‘ठरवून घेण्यासाठी’. चर्चा करायची आहे, माहिती द्यायची आहे आणि निर्णय हवा आहे, या तीन वेगळ्या भेटी आहेत. नुसती माहिती द्यायची असेल तर मी म्हणणार, कागद पाठवा. चर्चा असेल तर साहेब बहुतेक वेळा खालच्या अधिकाऱ्याला बसवणार. निर्णय हवा असेल, तोही त्यांच्याच अधिकारातला, आणि त्याला तारीख असेल, तर मला ते पत्र खाली ढकलताच येत नाही. मात्र तारीख खरी हवी. ‘अत्यंत तातडीचं’ असं ठळक अक्षरांत लिहिणाऱ्यांची तातडी पुढच्या महिन्यातही तशीच असते, हे आम्हाला अनुभवाने कळतं. इथे बँकेचं पत्रच जोडलेलं होतं.

दुसरी बाब, कारखान्याच्या व्यवस्थापकांना पाठवलेली प्रत. लोक इथे हमखास घसरतात. खालच्या अधिकाऱ्याला वगळून थेट वर गेलं की काम लवकर होतं असा एक समज आहे. प्रत्यक्षात साहेबांचा पहिला प्रश्न असतो, ‘चाकणला माहीत आहे का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर साहेब चाकणला फोन लावतात, तिथला माणूस दुखावतो, आणि पुढची कित्येक वर्षं ज्याच्याशी रोजचा संबंध, तोच नाराज होऊन बसतो. एक प्रत पाठवायला काही पडत नाही.

आता वेळेविषयी. ‘पाच मिनिटं’ मागणाऱ्यावर कुठल्याही सेक्रेटरीचा विश्वास नसतो. पाच मिनिटांत माणूस आत येतो, बसतो, पाणी घेतो आणि कार्ड काढतो. पाच म्हणणारा पंचवीस मिनिटं बसतो आणि त्याच्या मागच्या तिघांची तोंडं मला पाहावी लागतात. उलट ‘एक तास’ म्हटलं तर तासाची सलग जागा तीन आठवडे मिळत नाही. आमच्याकडे संगणकावरची डायरी आल्यापासून अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन पडले. २० मिनिटांचं काम अशा एका चौकोनात बसतं आणि पुढे दहा मिनिटं श्वास घ्यायला उरतात. साहेबांना मध्येच फोन आला तरी गाडी घसरत नाही. पण २० हा आकडा चांगला दिसतो म्हणून लिहायचा नाही, आधी मोजायचा. या गृहस्थांनी तो मोजला होता. परिस्थिती सांगायला पाच मिनिटं, प्रश्नांना दहा आणि काय ठरलं ते पक्कं करायला पाच. मी विचारल्यावर त्यांनी फोनवर हा हिशोब सांगितला, तेव्हा मला बरं वाटलं. ज्याच्याजवळ असा हिशोब असतो, तो बहुधा वेळेत उठतो.

मग त्या तीन वेळा. ‘आपल्या सोयीनुसार कधीही’ हे ऐकायला गोड लागतं, पण त्याने काम माझ्यावर पडतं. मी एक वेळ शोधायची, तुम्हाला विचारायचं, तुम्ही म्हणणार त्या दिवशी मी नाशिकला आहे, मग मी दुसरी शोधायची, तोवर पहिली कुणीतरी घेतलेली. या फेऱ्यांत आठवडा जातो. एकच वेळ कळवली तर तो हुकूम वाटतो, आणि ती मोकळी नसली की विषयच संपला. सात-आठ वेळा कळवल्या तर त्या सगळ्या तुम्ही खरोखर मोकळ्या ठेवणार आहात, यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तीन हा माझ्या मते बरा आकडा. पण त्या तिन्ही एकाच प्रकारच्या नकोत. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवशी सकाळी दहा असं लिहिलं आणि साहेबांच्या सकाळी मीटिंगांतच जात असतील, तर तीन वेळा लिहूनही एकच लिहिल्यासारखं होतं. इथे एक सकाळ होती, एक दुपार आणि एक संध्याकाळ, आणि दिवसही वेगळे.

दिवस निवडताना त्यांनी दोन्हीकडचं कॅलेंडर पाहिलं होतं. भोसरी परिसरात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. म्हणून गुरुवार त्यांना सोयीचा. मुंबईच्या कार्यालयाला शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून शनिवार घातलाच नाही. मंगळवारची वेळ साडेअकराची, कारण भोसरीहून सकाळी साडेसहाला निघालं तर द्रुतगती मार्गाने वाटेतली खोळंबा-खोटी धरूनही पोहोचता येतं. नऊची वेळ दिली असती आणि घाटात ट्रक बंद पडला असता, तर सगळंच फसलं असतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात १८ तारखेचा दसरा, खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा. तो आठवडा त्यांनी सोडून दिला. आणखी एक गोष्ट, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल जाहीर करावे लागतात, मार्चअखेरचे वार्षिक निकाल ६० दिवसांत. निकालांच्या बोर्ड मीटिंगच्या आधीचे आठ-दहा दिवस वरिष्ठांच्या डायरीत बाहेरच्या माणसाला जागा जवळजवळ नसतेच. सप्टेंबर तिमाहीचे निकाल बहुधा ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात. म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा आठवडा हीच त्यांच्यासाठी खरी खिडकी होती. कंपनीने मागच्या वर्षी निकाल कोणत्या तारखेला जाहीर केले, हे कुणालाही पाहता येतं, आणि पाहावं.

वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याचंही कारण आहे. नुसत्या तारखेत चूक झाली तर ती कळत नाही. वारही लिहिला आणि दोन्ही जुळले नाहीत तर लगेच फोन करून विचारता येतं. साहेब परदेशात असताना कुणी फोनवरची भेट मागितली, तर मी नेहमी विचारत असे, वेळ कुठली, इथली की तिथली? ज्यांनी ‘भारतीय वेळेनुसार’ एवढे दोन शब्द लिहिलेले असत, त्यांचं काम आधी होई.

‘५ ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवत आहे’ हे वाक्य मला सर्वांत आवडलं. त्याचा उपयोग दोघांनाही होतो. मला कळतं की शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. त्यांना कळतं की शुक्रवारनंतर त्या वेळा दुसऱ्या कुणाला द्यायला ते मोकळे आहेत. ‘लवकरात लवकर कळवावे’ यातून हे साधत नाही. फक्त मुदत वाजवी हवी. सोमवारी पत्र पाठवून मंगळवारी उत्तर मागितलं, तर ते धमकीसारखं वाटतं.

२ ऑक्टोबरला गांधीजयंतीची सुट्टी होती. ३ तारखेला सकाळी मी साहेबांना माझी तीन वाक्यं सांगितली. साहेब म्हणाले, ‘गुरुवारी मी चाकणलाच आहे ना? तिथे घ्या. आणि नियोजनवाल्यांना त्या मॉडेलचे पुढच्या दोन वर्षांचे आकडे काढून ठेवायला सांगा.’ पत्रात ‘किंवा चाकणला असल्यास’ ही सहा-सात शब्दांची पुस्ती नसती, तर मी मुंबईतली शुक्रवारची वेळ दिली असती, आणि पुण्याच्या माणसाला जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडावा लागला असता. भोसरीहून चाकण वाहतुकीसकट पाऊण तासावर.

भेट गुरुवारी तीनला सुरू झाली ती तीन वाजून सतरा मिनिटांनी संपली. नियोजनाचे आकडे साहेबांसमोर होते. त्यांतून दिसत होतं की त्या गाडीचा आराखडा साधारण दीड वर्षाने बदलण्याची शक्यता आहे, आणि मग हा ब्रॅकेट राहील की नाही याची खात्री नाही. त्यामुळे चोवीस महिन्यांचं पत्र मिळालं नाही. अठरा महिन्यांचं मिळालं, आणि त्यात दरमहा किमान पंधरा हजार नग उचलण्याचं कबूल केलं. बँकेने त्यावर कर्जाची मुदत कमी करून हप्ता वाढवला. गणित थोडं ओढाताणीचं झालं, पण त्यांना जमलं, आणि प्रेसची ऑर्डर २६ ऑक्टोबरला गेली. पूर्ण मागणी पदरात पडली नाही, हे मी मुद्दाम सांगते. चांगल्या पत्राने भेट मिळते आणि भेटीत स्पष्ट उत्तर मिळतं. ते उत्तर आपल्या मनासारखं असेलच, असं कुणी सांगू शकत नाही.

आता वेळ पक्की झाल्यावरचं थोडंसं. होकार आला की त्याच दिवशी उलट उत्तर द्यावं आणि त्यात वार, तारीख, वेळ, जागा पुन्हा लिहावी. ‘उरलेल्या दोन वेळा मोकळ्या करत आहे’ असंही कळवावं, म्हणजे कुणाच्या डायरीत भुताटकी राहत नाही. बरोबर कोण येणार त्यांची नावं आधी द्यावीत. कारखान्याच्या गेटवर पास लागतो, गाडीचा नंबर लागतो, लॅपटॉप असेल तर त्याची नोंद लागते. तीनच्या भेटीला पावणेतीनला गेटवर पोहोचलेला माणूस पास होईपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं गेटवरच उभा राहतो, आणि वीस मिनिटांतली दहा तिथेच संपतात. विनंतीत एकट्याचं नाव लिहून प्रत्यक्षात चौघांनी येणं तर अगदीच वाईट. खुर्च्यांचा प्रश्न नसतो, पण चौघं बोलणार असतील तर वीस मिनिटं पुरत नाहीत, आणि ते मला आधी कळायला हवं होतं.

उत्तरच आलं नाही तर? राखून ठेवलेली मुदत संपली की दुसऱ्या दिवशी एक फोन करावा, सेक्रेटरीला, साहेबांना नव्हे. ‘माझ्या पत्राचं काय झालं’ असं विचारलं की ‘बघते’ असं उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘त्या तीन वेळा आता गेल्या, पुढच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी किंवा बुधवारी सकाळी जमेल का, की हे काम दुसऱ्या कुणाकडे न्यावं असं साहेबांचं म्हणणं आहे?’ असं विचारावं. या प्रश्नाला मला हो, नाही किंवा एखादं नाव, यांपैकी काहीतरी द्यावंच लागतं. फोन करायची वेळ दुपारी साडेतीन-चारची बरी. सकाळी आम्ही कुणाचंच धड ऐकत नाही.